औषधालयातील प्रशिक्षणाचा अहवाल : औषधवाटप, समुपदेशन आणि साठा यांची जुळणारी नोंद

महाराष्ट्रात डी. फार्म. अर्थात औषधनिर्माणशास्त्र पदविकेचा अभ्यासक्रम महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या परीक्षांनी पूर्ण होत असला, तरी औषधनिर्माता म्हणून नोंदणी होण्यापूर्वी विद्यार्थ्याला रुग्णालयाच्या औषधालयात किंवा परवानाधारक औषध दुकानात प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे लागते. भारतीय फार्मसी परिषदेच्या शैक्षणिक नियमांनुसार हे प्रशिक्षण 500 तासांचे असते, ते किमान तीन महिन्यांत विभागलेले असावे लागते आणि त्यांपैकी किमान 250 तास डॉक्टरांच्या चिठ्ठीनुसार औषध देण्याच्या कामात गेले पाहिजेत, अशी अपेक्षा असते. या तासांचा हिशेब आणि त्यांत काय घडले याचे विवेचन म्हणजे प्रशिक्षणाचा अहवाल होय. अहवालात औषधवाटप, समुपदेशन आणि साठा अशी तीन स्वतंत्र प्रकरणे असतात. परंतु दुकानात ही कामे स्वतंत्र नसतात, एकच चिठ्ठी तिन्हींतून प्रवास करते. म्हणून ज्या अहवालात एका प्रकरणातील नोंद दुसऱ्या प्रकरणातील नोंदीशी ताडून पाहता येते, तोच अहवाल विश्वासार्ह ठरतो. प्रस्तुत प्रकरणात अहवालाची रचना याच दृष्टीने मांडली असून, एका काल्पनिक चिठ्ठीचा तिन्ही विभागांतून माग काढला आहे.

अहवालाचा सांगाडा

अहवालाच्या आरंभी मुखपृष्ठ, पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र आणि प्रशिक्षणस्थळाचा परिचय असतो. परिचयात दुकानाच्या प्रशस्तीची गरज नसते. तेथे कोणते परवाने आहेत, शीतकपाट कोठे आहे, औषधांची मांडणी वर्णक्रमाने आहे की कंपनीनुसार, बिले संगणकावर होतात की हाताने, आणि नोंदणीकृत औषधनिर्माता कोणत्या वेळेत उपस्थित असतो, एवढी माहिती पुरेशी असते. किरकोळ औषध दुकानाचे परवाने प्रामुख्याने नमुना 20 आणि नमुना 21 मधील असतात. पहिला सर्वसाधारण औषधांसाठी, तर दुसरा लसी, इन्शुलिन यांसारख्या विशेष परिशिष्टांतील औषधांसाठी असतो. पुढे साठ्याच्या प्रकरणात शीतकपाटाच्या तापमानाची नोंद का ठेवली जाते, याचे उत्तर वाचकाला या परिचयातूनच मिळू लागते.

त्यानंतर तीन मुख्य प्रकरणे, त्यांतील निरीक्षणांचे विश्लेषण आणि शेवटी परिशिष्टे येतात. दैनंदिन नोंदवही आणि तासांचा गोषवारा परिशिष्टांत जातो. मुख्य प्रकरणांत रोजचे सर्व काम पुन्हा लिहायचे नसते; नोंदवहीतील निवडक प्रसंग घेऊन त्यांत कोणती तपासणी झाली आणि कोणता निर्णय कशामुळे घेतला गेला, हे उलगडायचे असते.

तासांचा गोषवारा करताना एक चूक वारंवार आढळते. औषध देतानाच रुग्णाला माहिती दिलेली असते, त्यामुळे तोच अर्धा तास वाटपातही धरला जातो आणि समुपदेशनातही, आणि मग एकूण बेरीज उपस्थितीपत्रकापेक्षा जास्त भरते. हे टाळण्यासाठी प्रत्येक तास एकाच रकान्यात धरावा आणि ज्या तासात दोन्ही कामे झाली तो वाटपात धरून समुपदेशनाचा केवळ प्रसंग नोंदवावा. उदाहरणार्थ, वाटप 290, समुपदेशनासाठी स्वतंत्रपणे दिलेला वेळ 70, साठा 110 आणि कायदेशीर नोंदवह्यांचा अभ्यास 30 अशी विभागणी असल्यास बेरीज 500 होते आणि वाटपाची किमान अटही पाळली जाते.

सहभागाची पातळी

भारतीय फार्मसी कायदा 1948 साली झाला आणि त्यानुसार चिठ्ठीवरील औषध देण्याची जबाबदारी नोंदणीकृत औषधनिर्मात्याची असते. प्रशिक्षणार्थी त्याच्या देखरेखीखाली काम करतो, स्वतंत्रपणे औषध देत नाही. म्हणून अहवालातील क्रियापदे काळजीपूर्वक निवडावी लागतात. ‘औषध दिले’ या नोंदीतून प्रशिक्षणार्थ्याने एकट्यानेच दिले असा अर्थ निघू शकतो आणि तो अर्थ त्याच्या व दुकानाच्या दृष्टीने अडचणीचा ठरतो.

यावर सोपा उपाय म्हणजे नोंदवहीत सहभागाच्या तीन पातळ्या ठरवून घेणे. केवळ पाहिलेल्या कामासाठी ‘नि’ म्हणजे निरीक्षण, हाताखाली केलेल्या कामासाठी ‘स’ म्हणजे साहाय्य आणि स्वतः केलेल्या परंतु औषधनिर्मात्याने तपासून मान्य केलेल्या कामासाठी ‘दे’ म्हणजे देखरेखीखाली, अशी चिन्हे वापरता येतात. पहिल्या आठवड्यात बहुतेक नोंदींपुढे ‘नि’ असणे आणि शेवटच्या महिन्यात ‘दे’ वाढत जाणे स्वाभाविक असते. पहिल्या दिवसापासून सर्वत्र ‘दे’ लिहिलेली वही अनुभवी परीक्षकाला लगेच संशयास्पद वाटते.

औषधवाटप : चिठ्ठीची तपासणी

वाटपाच्या प्रकरणात चिठ्ठीची वैधता, औषधाची योग्यता आणि प्रत्यक्ष देणे असे तीन टप्पे दाखवावेत. वैधतेसाठी 1945 च्या औषध नियमांत सांगितलेल्या गोष्टी पाहिल्या जातात. चिठ्ठी लेखी, सही केलेली आणि दिनांकित असावी, तीवर रुग्णाचे नाव व पत्ता असावा, आणि औषधाचे एकूण प्रमाण व मात्रा स्पष्ट असावी. योग्यतेच्या टप्प्यात वय, वजन, ॲलर्जी, आधीची औषधे आणि मात्रेचा हिशेब येतो. नमुन्यादाखल पुढील चिठ्ठी घ्यावी.

दोन वर्षांच्या, 12 किलो वजनाच्या बालकासाठी डॉक्टरांनी सेफिक्झिमचे ड्राय सिरप, 5 मिलीलिटरमध्ये 50 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा 5 मिलीलिटर, 5 दिवस असे लिहिले आहे. त्याखाली पॅरासिटामॉल सिरप 5 मिलीलिटर, ताप आल्यास, दर 6 तासांनी असे लिहिले आहे. ड्राय सिरप म्हणजे कोरड्या भुकटीच्या स्वरूपात येणारे औषध, ज्यात वापरण्यापूर्वी पाणी घालून द्रव तयार करावा लागतो. सेफिक्झिम हे प्रतिजैविक असून त्याची बालकांसाठीची रोजची नेहमीची मात्रा किलोमागे 8 मिलिग्रॅम असते. 12 किलोसाठी हा आकडा 96 मिलिग्रॅम येतो आणि चिठ्ठीतील दोन मात्रा मिळून 100 मिलिग्रॅम होतात. म्हणजे मात्रा योग्य आहे.

प्रमाणाचा हिशेब मात्र वेगळा प्रश्न उभा करतो. 5 दिवसांत 10 मात्रा आणि प्रत्येकी 5 मिलीलिटर म्हणजे 50 मिलीलिटर औषध लागते, तर दुकानातील बाटली तयार झाल्यावर 30 मिलीलिटरची होते. एक बाटली दिल्यास औषध तीन दिवसांतच संपते आणि ताप उतरलेला असल्याने पालक पुन्हा येतीलच असे नाही. म्हणून दोन बाटल्या द्याव्या लागतात. हा साधा गुणाकार अहवालात दाखवणे आवश्यक आहे, कारण त्यातूनच प्रशिक्षणार्थ्याने चिठ्ठी केवळ वाचली नाही, तर तपासली, हे दिसते.

दुसऱ्या औषधात अधिक गंभीर त्रुटी आहे. पॅरासिटामॉलच्या सिरपची तीव्रता, म्हणजे ठरावीक आकारमानात असलेले औषधाचे प्रमाण, लिहिलेली नाही. बाजारात 5 मिलीलिटरमध्ये 125 मिलिग्रॅम आणि 250 मिलिग्रॅम असे दोन्ही प्रकार मिळतात. या औषधाची एका वेळची मात्रा किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम धरली जाते. पहिल्या प्रकारातून 12 किलोच्या बालकाला किलोमागे सुमारे 10 मिलिग्रॅम मिळतात, जे योग्य आहे. दुसऱ्या प्रकारातून मात्र सुमारे 21 मिलिग्रॅम मिळतात आणि हीच मात्रा दर 6 तासांनी दिली गेल्यास यकृताला धोका पोहोचू शकतो. येथे अंदाजाने निर्णय घेण्याचा अधिकार प्रशिक्षणार्थ्याला नसतो. त्याने ही त्रुटी औषधनिर्मात्याच्या लक्षात आणून दिली, औषधनिर्मात्याने डॉक्टरांना दूरध्वनी केला आणि 125 मिलिग्रॅमचा प्रकार निश्चित झाला, असा क्रम अहवालात नेमका नोंदवावा. दूरध्वनीची वेळ आणि मिळालेले उत्तर यांचीही नोंद असावी.

सेफिक्झिम हे शेड्यूल एच-1 मधील औषध आहे. प्रतिजैविके, क्षयरोगावरील औषधे आणि सवय लावणारी काही औषधे यांच्या विक्रीवर अधिक लक्ष राहावे म्हणून 2013 साली हे परिशिष्ट अधिसूचित झाले आणि मार्च 2014 पासून अमलात आले. या औषधांच्या प्रत्येक विक्रीसाठी डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषधाचे नाव आणि दिलेले प्रमाण स्वतंत्र नोंदवहीत लिहावे लागते आणि ती वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. वरील चिठ्ठीसाठी त्या वहीत ‘दोन बाटल्या’ अशी नोंद होते. ही नोंद पुढे साठ्याच्या प्रकरणात उपयोगी पडणार आहे.

समुपदेशन : काय सांगितले आणि काय समजले

समुपदेशन म्हणजे औषध कसे, किती, केव्हा आणि किती दिवस घ्यायचे, तसेच कोणत्या लक्षणांवर डॉक्टरांकडे जायचे, हे रुग्णाला किंवा त्याची काळजी घेणाऱ्याला समजेल अशा भाषेत सांगणे होय. अहवालांत या प्रकरणाची सर्वाधिक उपेक्षा होते आणि पानेच्या पाने ‘रुग्णास औषधाची माहिती दिली’ या एकाच वाक्याने भरलेली दिसतात. या वाक्यातून परीक्षकाला काहीच कळत नाही. समुपदेशनाच्या नोंदीत आधी काय विचारले, काय सांगितले आणि ऐकणाऱ्याने ते स्वतःच्या शब्दांत कसे परत सांगितले, या तीन गोष्टी असाव्यात.

वरील उदाहरणात बालकाच्या आईला प्रथम पेनिसिलिनची किंवा अन्य प्रतिजैविकाची ॲलर्जी पूर्वी दिसली होती का, हे विचारले गेले आणि उत्तर नकारार्थी आले. त्यानंतर बाटली दाखवून कृती समजावण्यात आली: बाटली आपटून भुकटी मोकळी करावी, उकळून पूर्ण गार केलेले पाणी खुणेच्या थोडे खालपर्यंत घालून चांगले हलवावे, फेस बसल्यावर खुणेपर्यंत उरलेले पाणी घालून पुन्हा हलवावे. पहिल्याच वेळी खुणेपर्यंत पाणी घातल्यास भुकटी भिजल्यावर पातळी खाली जाते आणि औषध ठरल्यापेक्षा घट्ट राहते, हे कारणही सांगितले गेले. प्रत्येक वेळी बाटली हलवून मोजपात्रानेच 5 मिलीलिटर द्यावे, स्वयंपाकघरातील चमचा वापरू नये, असे स्पष्ट करण्यात आले.

दोन बाटल्यांमुळे एक सूचना अधिक महत्त्वाची ठरते. दुसऱ्या बाटलीत पाणी आधीच घालू नये. पहिली संपल्यावर, म्हणजे चौथ्या दिवशी, ती तयार करावी. दुसऱ्या बाटलीत शेवटी 10 मिलीलिटर औषध उरते, ते पुढच्या आजारपणासाठी ठेवू नये. ताप लवकर उतरला तरी प्रतिजैविकाचे 5 दिवस पूर्ण करावेत आणि अंगावर पुरळ, ओठ किंवा चेहऱ्यावर सूज किंवा श्वास घेण्यास त्रास दिसल्यास औषध थांबवून तातडीने डॉक्टरांकडे न्यावे.

आईला हे सर्व परत सांगण्यास सांगितल्यावर तिने पाणी घालण्याची रीत बरोबर सांगितली. पॅरासिटामॉल मात्र तापाशिवायही रोज चार वेळा द्यायचे, असा तिचा समज झालेला दिसला. तेव्हा ते ताप असतानाच आणि दोन मात्रांत किमान 6 तासांचे अंतर ठेवून द्यायचे, असे पुन्हा सांगून बाटलीवर तशी चिठ्ठी लावण्यात आली. समजुतीतील ही चूक आणि तिची दुरुस्ती नोंदवल्यामुळेच समुपदेशन खरोखर झाले, हे अहवालातून सिद्ध होते.

रुग्णाची ओळख मात्र अहवालात कोठेही येऊ नये. एच-1 वहीत नाव असणे कायद्याने आवश्यक आहे, परंतु ती वही दुकानाची असते. महाविद्यालयात जाणाऱ्या अहवालात वय, वजन आणि संकेतांक एवढेच पुरे. चिठ्ठीचे छायाचित्र जोडायचे असल्यास रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक झाकावा.

साठा : तफावतीचा शोध

साठ्याच्या प्रकरणात माल उतरवून घेणे, मांडणी, मुदतीची पाहणी, तापमानाची नोंद आणि मोजणी ही कामे येतात. यांतील बरीच कामे रोज त्याच पद्धतीने होत असल्याने त्यांचे वर्णन एकदाच करावे. शीतकपाटाचे तापमान 2 ते 8 अंश सेल्सिअसच्या दरम्यान असल्याची नोंद दिवसातून दोनदा घेतली जाते, मुदत संपलेला माल वेगळ्या खोक्यात ‘विक्रीसाठी नाही’ असे लिहून ठेवला जातो, आणि ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी विकला जाईल अशा रीतीने पुढे मांडला जातो. या प्रकरणाचा खरा कस मात्र मोजणीत लागतो.

मोजणी म्हणजे वहीतील शिल्लक आणि फळीवरील प्रत्यक्ष शिल्लक यांची तुलना. आधीची शिल्लक अधिक आलेला माल, वजा विक्री आणि फुटतूट, हे वहीतील शिल्लकीचे सूत्र असते. सेफिक्झिमच्या 30 मिलीलिटरच्या बाटल्यांचा एका आठवड्याचा हिशेब असा: सोमवारी सकाळी जुन्या बॅचच्या 14 बाटल्या होत्या, बुधवारी नव्या बॅचच्या 20 आल्या, बिलांनुसार 23 विकल्या गेल्या. वहीत 11 शिल्लक असायला हवी होती. शनिवारी फळीवर 10 सापडल्या.

एका बाटलीची तफावत ‘मोजणीतील चूक’ म्हणून सोडून देता येते, पण तसे न करता ती बॅचनुसार विभागली तर शोधाची दिशा मिळते. बिलांनुसार जुन्या बॅचच्या 11 आणि नव्या बॅचच्या 12 बाटल्या गेल्या होत्या. म्हणजे जुन्या 3 आणि नव्या 8 उरायला हव्या होत्या. प्रत्यक्षात नव्या 8 होत्या आणि जुन्या 2. तफावत जुन्या बॅचमध्येच आहे हे कळल्यावर त्या बॅचची बिले एच-1 वहीशी ताडण्यात आली. मंगळवारच्या, वर वर्णन केलेल्या चिठ्ठीपुढे वहीत दोन बाटल्या होत्या, बिलात मात्र एकच. बिल आधी एका बाटलीचे तयार झाले होते, प्रमाणाचा हिशेब झाल्यावर दुसरी बाटली दिली गेली आणि बिल दुरुस्त करायचे राहून गेले. वाटपातील निर्णय योग्य असूनही नोंदींपैकी एक अपुरी राहिली, तर ती साठ्यात तफावत म्हणून उमटते, हे या प्रसंगातून स्पष्ट होते. दुरुस्तीची नोंद औषधनिर्मात्याने कारणासह केली आणि प्रशिक्षणार्थ्याने ती पाहिली, असे अहवालात लिहावे. जुना आकडा खोडून नवा लिहिण्याची पद्धत टाळावी.

याच विभागणीतून आणखी एक गोष्ट लक्षात येते. जुन्या बाटल्या शिल्लक असताना नव्या बॅचच्या 12 विकल्या गेल्या, म्हणजे बुधवारी आलेला माल जुन्या मालाच्या पुढे मांडला गेला होता. ही मांडणी चालू राहिली असती, तर जुन्या बाटल्या मागे पडून मुदत संपेपर्यंत विकल्या गेल्या नसत्या.

नोंदवहीचा नमुना

वरील प्रसंगाच्या नोंदी दैनंदिन वहीत पुढीलप्रमाणे उतरतात. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण दुकानातील मूळ कागद शोधून नोंद पडताळण्याचा तोच एकमेव मार्ग असतो.

| दिवस व वेळ | काम | पातळी | काय तपासले, काय ठरले | संदर्भ |
|---|---|---|---|---|
| मंगळवार, सकाळी 10.40 | वाटप, संकेतांक रु-27, वय 2 वर्षे, 12 किलो | दे | सेफिक्झिमची मात्रा योग्य. 50 मिली लागते, म्हणून 2 बाटल्या. पॅरासिटामॉलची तीव्रता लिहिलेली नाही, औषधनिर्मात्यास सांगितले | एच-1 वही, त्या दिवसाची नोंद 3 |
| मंगळवार, सकाळी 10.50 | डॉक्टरांकडून खुलासा | नि | औषधनिर्मात्याचा दूरध्वनी. 125 मिग्रॅ/5 मिली निश्चित | चिठ्ठीवरील शेरा |
| मंगळवार, सकाळी 10.55 | समुपदेशन, रु-27 ची आई | दे | ॲलर्जी नाही. पाणी घालण्याची रीत समजली. पॅरासिटामॉलबाबत गैरसमज दूर केला | समुपदेशन पत्रक 9 |
| बुधवार, दुपारी 4.00 | माल उतरवणे | स | 20 बाटल्या. बॅच, मुदत व संख्या चलनाशी जुळली | खरेदी बिल |
| शनिवार, सकाळी 11.30 | मोजणी | दे | वहीत 11, प्रत्यक्ष 10. जुन्या बॅचमध्ये 1 कमी. कारण मंगळवारच्या बिलात | मोजणी तक्ता 4 |
| शनिवार, दुपारी 12.30 | दुरुस्ती व मांडणी | नि / स | औषधनिर्मात्याची कारणासह दुरुस्ती. जुनी बॅच पुढे मांडली | दुरुस्तीची नोंद |

अशा नोंदी त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात लिहाव्यात. महिन्याच्या शेवटी एकदम भरलेली वही ओळखणे कठीण नसते. एकच शाई, एकसारखी वाक्ये, कोठेही दुरुस्ती नाही आणि साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीही भरलेले रकाने, ही तिची चिन्हे होत. पर्यवेक्षकाची सहीही दर आठवड्याला घ्यावी, म्हणजे चूक ताजी असतानाच सुधारता येते.

विश्लेषण आणि शिफारशी

शेवटच्या प्रकरणात औषधांच्या माहितीपुस्तिकांतील मजकूर उतरवून पाने वाढवण्याची सवय सर्वत्र दिसते. ती सोडून, नोंदवहीत पुन्हा पुन्हा दिसलेल्या दोन-तीन बाबी निवडाव्यात. वरील नमुन्यातून अशा तीन शिफारशी सरळ निघतात. पहिली, बालकांच्या द्रव औषधांच्या चिठ्ठीवर तीव्रता नसल्यास काउंटरवरच थांबून खुलासा घ्यावा. दुसरी, प्रतिजैविकाच्या बाटल्यांची संख्या दिवस आणि मात्रा यांवरून काढूनच बिल तयार करावे, म्हणजे बिल नंतर बदलावे लागणार नाही. तिसरी, एच-1 औषधांची मोजणी दर आठवड्याला बॅचनुसार करून ती एच-1 वहीशी ताडावी. प्रत्येक शिफारशीपुढे ती ज्या नोंदीवर आधारलेली आहे तिचा दिनांक द्यावा. ज्या शिफारशीला असा दिनांक देता येत नाही, ती प्रशिक्षणातून आलेली नसते आणि अहवालातून वगळणेच योग्य ठरते.